फोटोत १०५ अंश, जमिनीवर ८०: तिरप्या फोटोतल्या वर्तुळावरून कंसाची लांबी आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ

प्रश्न: «अकरावीच्या प्रकल्पासाठी आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या बागेतला गोल वाफा घेतलाय. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून फोटो काढला. वाफ्याची त्रिज्या टेपने १.४० मीटर भरली. झेंडू लावलेल्या पाकळीचा कोन फोटोच्या प्रिंटवर कोनमापक ठेवून मोजला, तो १०५ अंश आला. रेडियन करून त्रिज्येने गुणलं तर कंस २.५७ मीटर येतो, पण विटांच्या कडेने टेप लावला तर १.९६ मीटरच भरतो. अंशांचे रेडियन करताना माझं काय चुकतंय? फोटो सोबत टाकलाय.»

अंशांचे रेडियन करताना काहीही चुकलेलं नाही. १०५ ला π ने गुणून १८० ने भागलं की १.८३३ येतात आणि १.८३३ गुणिले १.४० म्हणजे २.५७. हिशेब चोख आहे. गडबड त्याच्या आधीच झाली आहे: तो कोन मुळात १०५ अंशांचा नाही. फोटोच्या कागदावर तो १०५ दिसतो, जमिनीवर तो ८० च्या जवळ आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो आणि असे प्रकल्प दरवर्षी तपासतो. सूत्र पाठ असतं, गुणाकार बरोबर असतो, आणि चूक कोनमापक ठेवण्याच्या जागी असते. तू टेप लावून उत्तर पडताळलंस म्हणून तफावत लक्षात तरी आली.

जेवायला बसल्यावर समोरच्याच्या पुढ्यातलं ताट आपल्याला गोल दिसत नाही, चपटं दिसतं. गच्चीवरून वाफाही तसाच दिसतो. कॅमेरा तिरका बघत असला की आडवी अंतरं जशीच्या तशी राहतात आणि आपल्यापासून लांब जाणारी अंतरं आखडतात. वर्तुळाचं विवृत्त होतं. कोनमापक मात्र कागद सपाट, समोरून बघितलेला आहे असं धरून चालतो. त्यामुळे एकच पाकळी कुठल्या बाजूने बघतोस त्यावर तिचा कोन बदलतो. तुझ्या फोटोत झेंडूची पाकळी कॅमेऱ्याच्या बाजूला, म्हणजे खालच्या अंगाला आहे, म्हणून ती फाकलेली दिसते आणि १०५ भरते. तेवढ्याच उंचीवरून आणि तेवढ्याच अंतरावरून, पण वाफ्याला बाजूने बघत फोटो काढला असतास, तर तीच पाकळी चिमटून सुमारे ५७ अंशांची दिसली असती. झेंडू तेच, विटा त्याच.

म्हणून पहिलं काम रेडियन नव्हे, फोटोतला कोन सरळ करून घेणं.

तुझा फोटो मी संगणकावर पेंटमध्ये उघडला. त्यात माउस जिथे नेशील तिथले पिक्सेल खाली कोपऱ्यात दिसतात. वाफ्याच्या विटांच्या आतल्या कडेची डावी-उजवी टोकं मोजली तर रुंदी ८४० पिक्सेल भरते, वरपासून खालपर्यंतची उंची ५४० पिक्सेल. खरं वर्तुळ असतं तर दोन्ही आकडे सारखे आले असते. म्हणजे उभ्या दिशेची मापं ५४० भागिले ८४० इतकी आखडली आहेत आणि ती पूर्ववत करायला त्यांना ८४० भागिले ५४० ने, म्हणजे १४/९ ने गुणावं लागेल. आडव्या मापांना हात लावायचा नाही.

आता केंद्र. इथे बहुतेक जण विवृत्ताच्या बरोबर मधला बिंदू केंद्र म्हणून घेतात आणि तिथे पुन्हा फसतात. वाफ्याची कॅमेऱ्याजवळची अर्धी बाजू फोटोत थोडी मोठी दिसते आणि लांबची अर्धी बाजू थोडी लहान, त्यामुळे जमिनीवरचं खरं केंद्र विवृत्ताच्या मध्यावर पडत नाही, त्याच्या किंचित वर, लांबच्या बाजूला सरकतं. तुझ्या नशिबाने वाफा आखताना ठोकलेली खुंटी अजून जागेवर आहे आणि फोटोत दिसते. खुंटीच्या बुडापासून वाफ्याची वरची कड २५५ पिक्सेलवर आहे आणि खालची २८५ वर. मध्य धरला असता तर दोन्हीकडे २७० आले असते, म्हणजे खरं केंद्र मध्यापासून १५ पिक्सेल वर आहे.

मी «बुडापासून» असं मुद्दाम लिहिलं. खुंटी फूटभर उंच असली तर तिचं डोकं अशा फोटोत बुडाच्या साधारण ७० पिक्सेल वर दिसतं. डोक्याला केंद्र मानलं की सगळा कोन बिघडतो. जिथे ती मातीत शिरते, तोच बिंदू घ्यायचा. खुंटी नसेल तर पाकळीच्या दोन सरळ कडा वाढवून बघ. त्या खरंच केंद्राकडे जात असतील तर जिथे मिळतील ते केंद्र, कारण फोटो तिरका असला तरी सरळ रेषा सरळच राहते आणि दोन रेषांचा छेदबिंदूही जागा सोडत नाही.

पुढचं काम सोपं आहे. खुंटीच्या बुडापासून पाकळीच्या कंसाची दोन टोकं मोजली. डावं टोक २८२ पिक्सेल डावीकडे आणि २१६ खाली, उजवं २८२ उजवीकडे आणि २१६ खाली. २८२ आडवं माप आहे, तसंच राहू दे. २१६ उभं आहे, त्याला १४/९ ने गुणलं की ३३६ होतात. आता खुंटीतून सरळ खाली जाणाऱ्या रेषेशी प्रत्येक कड किती अंश करते ते काढायचं:

```
tan α = 282 / 336 = 0.839
α = tan⁻¹(0.839) ≈ 40°
θ = 40° + 40° = 80°
```

दुरुस्ती न करता २८२ भागिले २१६ केलं असतंस तर एका बाजूला साडेबावन्न अंश आले असते आणि दोन्ही मिळून १०५, म्हणजे कोनमापकाने दाखवलेलाच आकडा. आणि दुरुस्ती केली पण केंद्र विवृत्ताच्या मध्यावर धरलं, तर कोन ८४ च्या आसपास येतो आणि कंस २.०५ मीटर. टेपपेक्षा हा नऊ सेंटीमीटर जास्त आहे. पहिल्या चुकीच्या मानाने ही लहान आहे, पण टेपच्या चुकीत खपण्याइतकी नाही.

तुझ्या पाकळीच्या दोन्ही कडा उभ्या रेषेच्या दोन बाजूंना सारख्याच आहेत, म्हणून ४० ची दुप्पट केली. दुसऱ्या एखाद्या पाकळीच्या दोन्ही कडा एकाच बाजूला असतील तर दोन्ही कोन वेगवेगळे काढून मोठ्यातून लहान वजा करायचा.

आता रेडियन. दहावीला महत्त्वमापनात तू कंसाची लांबी θ/३६० गुणिले २πr अशी काढलीस. अकरावीत तेच s = rθ होतं, कारण रेडियनची व्याख्याच कंस भागिले त्रिज्या अशी आहे. त्रिज्येइतका लांब कंस केंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. अर्ध्या वर्तुळाचा कंस πr असतो, म्हणून १८० अंश म्हणजे π रेडियन. ८० अंशांसाठी:

```
θ = 80 × π/180 = 4π/9 ≈ 1.396 rad
s = rθ = 1.40 × 1.396 ≈ 1.955 m
A = ½ r²θ = ½ × 1.96 × 1.396 ≈ 1.368 m²
```

टेपने १.९६ मीटर, हिशेबाने १.९५५. अर्ध्या सेंटीमीटरची तफावत विटांच्या कडेवर टेप नीट बसतो की नाही एवढ्यावरही पडते. १०५ अंश धरून क्षेत्रफळ काढलं असतंस तर १.७९६ चौरस मीटर आलं असतं. कंसाची चूक टेपने पकडता येते, क्षेत्रफळाला टेप लावता येत नाही. म्हणून कंस जुळल्याशिवाय क्षेत्रफळाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

त्या १.९६ बद्दल एक सांगून ठेवतो. वरच्या तिसऱ्या ओळीतला १.९६ म्हणजे १.४० चा वर्ग आहे, त्याचा टेपने मोजलेल्या कंसाशी संबंध नाही. आकडे सारखे पडले हा योगायोग आहे. वहीत एकक लिही, एक चौरस मीटर आणि एक मीटर, म्हणजे तपासणाऱ्याचा गोंधळ होणार नाही आणि तुझाही.

कॅलक्युलेटरवर एक गोष्ट जपावी लागते. पडद्याच्या वर लहान D दिसत असेल तर tan⁻¹ चं उत्तर अंशांत येतं, इथे ४०. R असेल तर तेच बटण ०.६९८ देतं, आणि ते आधीच रेडियन असतं. त्याची दुप्पट करायची आणि सरळ s = rθ मध्ये घालायची. त्याला पुन्हा π/१८० ने गुणलं तर कंस साडेतीन सेंटीमीटरच्याही खाली येतो. उलट, ८० अंश तसेच सूत्रात घातले तर कंस ११२ मीटर येतो, म्हणजे पावणेतीन मीटर व्यासाच्या वाफ्याच्या एका तुकड्याची कड शंभर मीटरच्या पुढे. दोन्ही उत्तरं वाफ्याशेजारी उभं राहून बघितली की चूक डोळ्यांनाच दिसते. π साठी ३.१४ घे नाहीतर २२/७, तुझ्या कंसात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो. त्यावर वेळ घालवू नकोस.

तुझ्या मनात पुढचा प्रश्न येईलच: फोटोवरून कोन निघाला, मग त्रिज्याही फोटोवरूनच का काढू नये? रुंदी ८४० पिक्सेल, व्यास २.८० मीटर, म्हणजे ३०० पिक्सेलला एक मीटर, एवढं सोपं वाटतं. पण दुरुस्त केलेल्या आकड्यांवरून पाकळीच्या टोकाचं केंद्रापासूनचं अंतर काढून बघ. २८२ चा वर्ग अधिक ३३६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ४३९. त्रिज्या तर ४२० पिक्सेल हवी. हे १९ पिक्सेल कुठून आले? झेंडूची बाजू कॅमेऱ्याला जवळची, म्हणून तिथलं सगळंच फोटोत थोडं मोठं आलं आहे. मोठं होताना आडवं आणि उभं दोन्ही एकाच पटीत मोठं झालं, म्हणून त्यांचं गुणोत्तर, आणि त्यावरून काढलेला कोन, टिकून राहिला. लांबी मात्र टिकली नाही. ४३९ वरून त्रिज्या काढली असतीस तर १.४६ मीटर आली असती आणि पलीकडच्या बाजूच्या टोकावरून काढली असतीस तर १.४० पेक्षा कमी. अशा कामात मी मुलांना नेहमी कोन फोटोतून घ्यायला आणि लांबी टेपने मोजायला सांगतो, ते याच कारणाने.

त्रिज्या काळजीने मोजायचं आणखी एक कारण सूत्रातच आहे. क्षेत्रफळात ती वर्गात येते. कोनात एका अंशाची चूक झाली तर तुझ्या कंसात अडीच सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो आणि क्षेत्रफळात सव्वा टक्का. त्रिज्येत दोन सेंटीमीटरची चूक झाली तर कंस जवळजवळ दीड टक्क्याने चुकतो, पण क्षेत्रफळ त्याच्या दुप्पट, तीन टक्क्यांच्या जवळपास. कापडी फिता ओढला की ताणतो, त्यापेक्षा पोलादी टेप बरा. दोन-तीन दिशांनी पूर्ण व्यास मोजून त्याचा निम्मा घे. त्यात वाफा खरोखर गोल आहे का हेही कळतं. हाताने आखलेले वाफे कधी एका बाजूला फुगलेले असतात, आणि तसं असेल तर वरचं कुठलंच सूत्र नीट लागू पडत नाही. विटांची आतली कड धरायची की बाहेरची, हेही आधी ठरव. दहा सेंटीमीटर जाडीची वीट असेल तर तुझ्या कोनाला बाहेरचा कंस आतल्यापेक्षा १० गुणिले १.३९६, म्हणजे १४ सेंटीमीटर लांब भरतो. फोटोत एक कड आणि टेपने दुसरी कड मोजली, तर हे १४ सेंटीमीटर कुठून आले ते शोधत बसशील.

ही पद्धत कुठल्याही फोटोवर चालेल असं नाही. वाफा फोटोच्या साधारण मधोमध हवा, कोपऱ्यात गेला की लेन्स त्याला वेगळ्या दिशेने ताणते. मोबाइल आडवा कलंडलेला असेल तर विवृत्ताचा लांब अक्ष फोटोच्या कडेशी समांतर राहत नाही. आधी फोटो फिरवून तो अक्ष आडवा करून घ्यावा लागतो. मोबाइलचा ०.५× चा रुंद कॅमेरा टाळ, २× वर लांबून काढ. तू गच्चीवरून काढलास ते चांगलं केलंस. वाफ्यापासून दोन पावलांवर उभं राहून काढलेल्या फोटोत वाफा इतका चपटा दिसतो की उभ्या दिशेला मोजायला फार थोडे पिक्सेल उरतात. मग दोन-तीन पिक्सेलची चूकही कोनात मोठी होऊन येते. तुझ्या फोटोत उंची ५४० ऐवजी चुकून ५३० मोजली तरी कोन एकाच अंशाने सरकतो, तेवढं चालून जातं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी विटांची सावली लांब पडते आणि विटेची कड कुठली, सावलीची कुठली, हे फोटोत ओळखू येत नाही. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर दुपारी जाणं नको वाटतं खरं, पण कड स्वच्छ दिसते ती ऊन डोक्यावर असताना, नाहीतर आभाळ असलेल्या दिवशी.

वहीतल्या किंवा पुस्तकातल्या वर्तुळाचा मोबाइलने काढलेला फोटो असेल तर आधी रुंदी आणि उंची मोजून बघ. दोन्ही सारख्या असतील तर कोनमापक बिनधास्त ठेव. नसतील तर हीच दुरुस्ती लागते. आकृतीवर कोन छापलेला असेल तर तो छापलेला आकडाच घे, चित्रावरून मोजू नकोस.

प्रकल्पात एक मोजमाप जरूर घाल, कारण ते फोटोवर अजिबात अवलंबून नाही: पाकळीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे जीवा. झेंडूच्या रोपांच्या वरून दोरी ताठ धर आणि दोरीला टेप लाव. जीवा 2r sin(θ/2) असते. कोन ८० अंश असेल तर ती १.८० मीटर भरली पाहिजे. १०५ असेल तर २.२२ मीटर. दोन आकड्यांत बेचाळीस सेंटीमीटरचं अंतर आहे, तेव्हा दोरी थोडी झोळली तरी निकाल स्पष्ट लागतो. उलट दिशेनेही जाता येतं: जीवेचा निम्मा, ०.९० भागिले १.४०, म्हणजे ०.६४३, आणि त्याचा sin⁻¹ चाळीस अंश. तसंच टेपने मोजलेला कंस १.९६ भागिले १.४० केलंस की थेट १.४० रेडियन मिळतात, अंशांना हातही न लावता. त्याचे अंश केले तर ८०.२. त्याच कंसावरून ½ × १.९६ × १.४० केलं की क्षेत्रफळ १.३७२ चौरस मीटर येतं, फोटोवरून आलेल्या १.३६८ च्या शेजारी.

उद्या जीवा मोजून आकडा इथे टाक. १.८० पासून तीन-चार सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर आधी बघ, फोटोतल्या पाकळीच्या टोकांवर झेंडूची पानं आली आहेत का. झाडोऱ्याने टोक झाकलं की पिक्सेल पानाचा मोजला जातो, विटेचा नाही. तशा वेळी टोकांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे दगडाखाली दाबून ठेव आणि फोटो पुन्हा काढ.